चार प्रोसेस, एक सीपीयू: कोण किती थांबतं?

सीपीयूचा एक कोअर एका वेळी एकाच प्रोसेसचं काम करतो, असं धरून चालू. चालू यंत्रावर शेकडो प्रोसेस असतात, पण त्यातल्या बहुतेक झोपलेल्या असतात. कुणी कीबोर्डची कळ दाबली जाण्याची वाट पाहत असते, कुणी डिस्कवरून माहिती येण्याची, कुणी नेटवर्कवरून उत्तर येण्याची. उरलेल्या मोजक्या प्रोसेस मात्र पूर्ण तयार असतात. त्यांना फक्त सीपीयू मिळायचा बाकी असतो. त्या ज्या रांगेत असतात तिला रेडी क्यू म्हणतात, आणि सीपीयू मोकळा झाला की रांगेतली पुढची कोण हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग म्हणजे शेड्युलर.

शेड्युलर हे कोणत्या नियमाने ठरवतो, याची तीन मूळ उत्तरं आहेत: जी आधी आली ती आधी, जिचं काम सगळ्यात छोटं ती आधी, आणि प्रत्येकीला आळीपाळीने थोडा थोडा वेळ. व्याख्या एवढ्यातच संपतात. पण मला वाटतं, या नियमांमधला फरक व्याख्येतून कळत नाही. त्याच चार प्रोसेस तिन्ही नियमांतून चालवून बघाव्या लागतात, आणि शेवटी सरासरीचा एक आकडा घेऊन न थांबता प्रत्येक प्रोसेस किती वेळ खोळंबली हे पाहावं लागतं. तेच इथे करू.

आपल्या चार प्रोसेस अशा आहेत. वेळ मिलिसेकंदात आहे.

| प्रोसेस | कधी आली | बर्स्ट |
|---|---|---|
| क | ० | १० |
| ख | १ | ३ |
| ग | २ | ६ |
| घ | ४ | १ |

बर्स्ट म्हणजे प्रोसेसचं संपूर्ण आयुष्य नव्हे. प्रोसेस थोडा वेळ सीपीयू वापरते, मग काहीतरी वाचायला किंवा लिहायला थांबते, पुन्हा सीपीयू मागते. अशा दोन थांब्यांच्या मधला सीपीयूचा सलग तुकडा म्हणजे एक बर्स्ट. घ-चा बर्स्ट १ आहे याचा अर्थ तिला एवढंच हवंय: एक मिलिसेकंद सीपीयू, मग ती आपणहून बाजूला होईल. कळ दाबल्यावर पडद्यावर अक्षर उमटवणारी प्रोसेस साधारण अशीच असते. क मात्र आकडेमोडीत बुडालेली आहे.

मोजायची गोष्ट एक, वेटिंग टाइम: प्रोसेसने रेडी क्यूमध्ये काढलेला एकूण वेळ. तो काढायची खात्रीची रीत अशी आहे:

```
वेटिंग = संपण्याची वेळ − येण्याची वेळ − बर्स्ट
```

प्रोसेस आल्यापासून संपेपर्यंत जेवढा वेळ गेला, त्यातला बर्स्टएवढा वेळ तिने काम केलं; उरलेला सगळा वेळ ती थांबली होती. प्रोसेस कितीही वेळा मध्येच थांबवली गेली असली तरी हे सूत्र चुकत नाही, म्हणून शेवटपर्यंत हेच वापरू.

## आधी आली ती आधी

पहिला नियम, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह्ड. हातात आलेली प्रोसेस स्वतः थांबेपर्यंत किंवा संपेपर्यंत सीपीयू तिच्याकडेच राहतो. मध्येच कुणी काढून घेत नाही. वेळेची पट्टी काढली, म्हणजे गँट चार्ट काढला, तर तो असा दिसतो:

```
| क ०–१० | ख १०–१३ | ग १३–१९ | घ १९–२० |
```

चारही बर्स्टची बेरीज २० आहे आणि पट्टी २० वर संपते. मधे सीपीयू रिकामा राहिला नसेल तर हे जुळायलाच हवं. जुळलं नाही तर पट्टीत कुठेतरी चूक आहे, आणि पुढची आकडेमोड करण्यात अर्थ नाही.

आता सूत्र लावू. क: १० − ० − १० = ०. ख: १३ − १ − ३ = ९. ग: १९ − २ − ६ = ११. घ: २० − ४ − १ = १५. बेरीज ३५, सरासरी ८.७५.

सरासरी बाजूला ठेवून घ-कडे पाहा. तिला एक मिलिसेकंद हवा होता आणि त्यासाठी ती पंधरा मिलिसेकंद थांबली. क-ला दहा मिलिसेकंद हवे होते आणि ती अजिबात थांबली नाही. नियमाने कुणाशी पक्षपात केलेला नाही. तो फक्त येण्याची वेळ बघतो, कामाचा आकार बघतच नाही. म्हणून एखादं मोठं काम योगायोगाने पुढे लागलं की त्यामागे सगळी छोटी कामं अडकतात. याला कॉन्व्हॉय इफेक्ट म्हणतात.

त्याचा खरा त्रास आपल्या चार ओळींच्या तक्त्यात पूर्ण दिसत नाही, कारण खऱ्या प्रोसेस एका बर्स्टनंतर संपत नाहीत. समजा, क-सारखी एक आकडेमोड करणारी प्रोसेस आहे आणि घ-सारख्या अनेक छोट्या प्रोसेस डिस्कशी बोलत आहेत. क सीपीयू धरून बसली की बाकीच्यांची डिस्कची कामं संपतात, त्या रेडी क्यूमध्ये येऊन उभ्या राहतात, आणि डिस्क रिकामी पडते. मग क थांबते, सगळ्या छोट्या प्रोसेस झटपट आपला सीपीयूचा वाटा उरकून पुन्हा डिस्ककडे जातात, आणि आता सीपीयू रिकामा पडतो. क परत येते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होतं. यंत्रात दोन साधनं आहेत आणि दोन्ही आलटून पालटून बसून आहेत. काम भरपूर शिल्लक असताना सीपीयूही पूर्ण वापरात नाही आणि डिस्कही नाही, असं दिसलं तर संशय घ्यायची ही एक जागा.

## छोटं काम आधी

आता दुसरा नियम, शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट. सीपीयू मोकळा झाला की त्या क्षणी रांगेत असलेल्यांपैकी सर्वात छोटा बर्स्ट जिचा, ती पुढे. "त्या क्षणी रांगेत असलेल्यांपैकी" हे शब्द नीट वाचायला हवेत. घ सगळ्यात छोटी आहे म्हणून पट्टीच्या सुरुवातीलाच घ लिहून टाकणं ही परीक्षेच्या पेपरांत नेहमी दिसणारी चूक. शून्याव्या क्षणी घ अजून आलेलीच नाही. तेव्हा रांगेत फक्त क आहे, म्हणून क-च सुरू होते. आणि या साध्या प्रकारात सुरू झालेल्या प्रोसेसला मध्येच थांबवत नसल्यामुळे ती दहापर्यंत चालते. दहाव्या क्षणी ख, ग, घ तिघीही हजर आहेत. त्यात घ सर्वात छोटी, मग ख, मग ग.

```
| क ०–१० | घ १०–११ | ख ११–१४ | ग १४–२० |
```

क: ०. घ: ११ − ४ − १ = ६. ख: १४ − १ − ३ = १०. ग: २० − २ − ६ = १२. बेरीज २८, सरासरी ७.

पट्टीत बदललं काय? घ शेवटून उचलून ख आणि ग यांच्या पुढे आणली, एवढंच. त्यामुळे ख-चा आणि ग-चा वेटिंग टाइम प्रत्येकी १ ने वाढला, पण घ-चा ९ ने कमी झाला. निव्वळ फायदा ७. हा नियम सरासरी कमी का करतो, याचं संपूर्ण कारण या अदलाबदलीत आहे. रांगेत एकामागोमाग उभ्या असलेल्या कोणत्याही दोन प्रोसेस घ्या, पुढची मोठी आणि मागची छोटी. त्यांच्या जागा बदला. छोटीची वाट मोठीच्या बर्स्टएवढी घटते, मोठीची वाट छोटीच्या बर्स्टएवढी वाढते, आणि बाकी कुणालाही काही फरक पडत नाही, कारण दोघी मिळून तेवढाच वेळ घेतात. म्हणजे बेरीज नक्की घटते. अशा जोड्या उरणार नाहीत तोपर्यंत अदलाबदल करत राहा. शेवटी हाती येते ती छोट्यापासून मोठ्यापर्यंतची रांग. सगळ्या प्रोसेस एकाच वेळी हजर असतील तर याहून कमी सरासरी कोणत्याही क्रमाने मिळणार नाही, हे त्यातूनच सिद्ध होतं.

आपल्या उदाहरणात मात्र सगळ्या एकाच वेळी हजर नव्हत्या, आणि क-ने पहिल्या दहा मिलिसेकंदांत सगळ्यांना अडवलंच. त्यावरचा उपाय म्हणजे या नियमाचा दुसरा प्रकार, शॉर्टेस्ट रिमेनिंग टाइम फर्स्ट. नवी प्रोसेस आली की तिचा बर्स्ट आणि चालू प्रोसेसचं उरलेलं काम यांची तुलना करायची. नवीचं काम कमी असेल तर चालू प्रोसेस बाजूला सारायची. असं मध्येच थांबवण्याला प्रीएम्प्शन म्हणतात.

पहिल्या क्षणी ख येते. क-चं ९ उरलं आहे, ख-चं ३. ख सीपीयू घेते. दुसऱ्या क्षणी ग येते ६ घेऊन, पण ख-चं फक्त २ उरलंय, म्हणून ख-च चालू राहते आणि चौथ्या क्षणी संपते. नेमकी तेव्हाच घ येते; ती एका मिलिसेकंदात उरकते. मग ग-चं ६ आणि क-चं ९ यांत ग आधी.

```
| क ०–१ | ख १–४ | घ ४–५ | ग ५–११ | क ११–२० |
```

क: २० − ० − १० = १०. ख: ४ − १ − ३ = ०. ग: ११ − २ − ६ = ३. घ: ५ − ४ − १ = ०. बेरीज १३, सरासरी ३.२५. पहिल्या नियमातल्या ८.७५ शी तुलना केली तर हा फरक थक्क करणारा आहे. यंत्र तेच, कामं तीच, सीपीयूने एकूण केलेलं काम तेवढंच. फक्त क्रम बदलला.

मग सगळीकडे हाच नियम का नाही? दोन अडचणी आहेत, आणि पहिली मुळावरच येणारी आहे. क-चा बर्स्ट १० आहे हे आपल्याला तक्त्यात लिहिलेलं दिसतंय. शेड्युलरला ते दिसत नाही. प्रोसेस पुढचा बर्स्ट किती घेईल हे ती चालून झाल्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. करता येतो तो अंदाज, मागच्या बर्स्टवरून. त्याची रूढ रीत अशी: नवा अंदाज म्हणजे नुकताच पाहिलेला बर्स्ट आणि आधीचा अंदाज यांचं मिश्रण. दोघांना निम्मं निम्मं वजन दिलं तर सरळ सरासरी. समजा सुरुवातीचा अंदाज ८ होता आणि प्रोसेसने प्रत्यक्षात २ घेतले. नवा अंदाज ५. पुढच्या वेळी तिने ३ घेतले, अंदाज ४. आता अंदाज बऱ्यापैकी जमू लागलाय असं वाटतं, आणि पुढच्याच वेळी ती १२ घेते. शेड्युलरने ४ समजून जिला पुढे सोडलं, तिने तिप्पट वेळ खाल्ला. यानंतर अंदाज ८ वर जाईल, पण मागे अडकलेल्यांचं नुकसान होऊन गेलेलं असेल. प्रोसेसची वागणूक स्थिर असेल तोवर ही रीत उत्तम चालते, आणि वागणूक बदलली की एक पाऊल मागे राहते.

दुसरी अडचण क-ची. आपल्या यादीत चारच प्रोसेस होत्या म्हणून क-ला अकराव्या क्षणी पुन्हा संधी मिळाली. दर मिलिसेकंदाला घ-सारखी एखादी येतच राहिली असती तर? क-चं ९ उरलेलं काम नेहमीच रांगेतलं सर्वात मोठं ठरलं असतं आणि तिची पाळी कधी येईल याला कोणतीही मर्यादा राहिली नसती. याला स्टार्व्हेशन म्हणतात, उपासमार. सरासरीत ही उपासमार लपून राहते, म्हणून सरासरीबरोबर सर्वात मोठा वेटिंग टाइमही पाहावा, असं मी आग्रहाने सांगेन. उपाय आहे: प्रोसेस जितकी जास्त वेळ थांबेल तितकं तिचं प्राधान्य हळूहळू वाढवत न्यायचं. त्याला एजिंग म्हणतात. पण तो उपाय केला की नियम शुद्ध राहत नाही आणि सरासरी थोडी चढते.

## प्रत्येकीला थोडं थोडं

राउंड रॉबिन या अंदाजाच्या भानगडीतच पडत नाही. तो एक ठरावीक वेळ घेतो, त्याला क्वांटम म्हणतात, आणि रांगेतल्या पहिल्या प्रोसेसला जास्तीत जास्त तेवढा वेळ देतो. त्यात ती संपली तर उत्तम. नाही संपली तर टायमरची सूचना येते, सीपीयू काढून घेतला जातो आणि प्रोसेस रांगेच्या शेवटी जाते.

आपण क्वांटम २ धरू. इथे पट्टी थेट काढायला गेलं की हमखास चुकतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर रांग लिहीत जायची. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून ठेवायची: एकाच क्षणी नवी प्रोसेस आली आणि जुनीचा क्वांटमही संपला, तर रांगेत आधी कोण? आपण म्हणू, नवी आधी.

शून्याव्या क्षणी क सुरू होते आणि २ वर तिचा क्वांटम संपतो. तिचं ८ उरतं. तोवर ख आलेली आहे, आणि ग नेमकी याच क्षणी येते. नवी आधी, म्हणून रांग होते ख, ग, क. ख दोन ते चार चालते, तिचं १ उरतं. चौथ्या क्षणी घ येते, म्हणून रांग होते ग, क, घ, ख. इथून पुढे नवं कुणी येत नाही, रांग नुसती फिरत राहते:

```
| क ०–२ | ख २–४ | ग ४–६ | क ६–८ | घ ८–९ | ख ९–१० |
| ग १०–१२ | क १२–१४ | ग १४–१६ | क १६–१८ | क १८–२० |
```

घ-ला दोनचा क्वांटम मिळाला होता, पण तिचं काम एकातच संपलं. उरलेला एक वाया जात नाही, लगेच पुढचीला सीपीयू मिळतो. क्वांटम ही वरची मर्यादा आहे. सोळाव्या क्षणानंतर रांगेत क एकटीच आहे, त्यामुळे तिचा क्वांटम संपला तरी पुन्हा तिलाच पाळी मिळते.

क: २० − ० − १० = १०. ख: १० − १ − ३ = ६. ग: १६ − २ − ६ = ८. घ: ९ − ४ − १ = ४. बेरीज २८, सरासरी ७.

साध्या शॉर्टेस्ट जॉब फर्स्टची सरासरीही ७ च होती. सरासरीवर विसंबलं तर दोन्ही नियम सारखेच ठरतात, आणि प्रत्यक्षात ते एकमेकांपासून फार लांब आहेत. तिथे क, ख, ग, घ यांचे वेटिंग टाइम होते ०, १०, १२, ६. इथे आहेत १०, ६, ८, ४. तिथे क-ला काहीच झळ लागली नाही आणि बाकी तिघींनी किंमत मोजली. इथे क सोडून प्रत्येकजण आधीपेक्षा कमी थांबली, आणि सर्वात जास्त थांबली ती जिचं काम सर्वात मोठं होतं ती. बेरीज तीच, ओझं वेगळ्या खांद्यांवर.

आणखी एक फरक वेटिंग टाइममध्ये दिसतच नाही. प्रोसेस आल्यापासून तिला पहिल्यांदा सीपीयू कधी मिळाला? याला रिस्पॉन्स टाइम म्हणतात. साध्या शॉर्टेस्ट जॉब फर्स्टमध्ये प्रोसेस एकदा सुरू झाली की थांबतच नाही, म्हणून तिथे रिस्पॉन्स टाइम आणि वेटिंग टाइम एकच, सरासरी ७. राउंड रॉबिनमध्ये क-ला लगेच, ख-ला १ मिलिसेकंदाने, ग-ला २ ने आणि घ-ला ४ ने पहिली पाळी मिळाली, सरासरी १.७५. समोर माणूस बसलेला असेल तर त्याला हीच गोष्ट जाणवते. काम पुरं व्हायला थोडा जास्त वेळ लागला तरी चालतं, पण कळ दाबल्यावर काहीच हललं नाही तर यंत्र अडकलंय असं वाटतं. आणि इथे हमी देता येते: रांगेत मिळून चारच प्रोसेस असतील आणि क्वांटम २ असेल, तर पुढची पाळी यायला इतर तिघींचे मिळून ६ मिलिसेकंद लागतील, त्याहून जास्त नाही. उपासमार होऊच शकत नाही.

नवी आधी की जुनी आधी, हे ठरवून घेण्यावर मी एवढा भर का दिला, तेही बघा. उलटं ठरवलं, म्हणजे क्वांटम संपलेली आधी आणि नवी तिच्या मागे, तर दुसऱ्या क्षणी रांग होते ख, क, ग, आणि पुढचं सगळं सरकतं. वेटिंग टाइम येतात १०, ५, १०, ५, सरासरी ७.५. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर आहेत. एकच गणित सोडवलेल्या दोघांची उत्तरं ०.५ ने वगैरे वेगळी येतात तेव्हा बहुतेकदा आकडेमोड चुकलेली नसते. हा नियम कुणीतरी न सांगता गृहीत धरलेला असतो.

## क्वांटम किती असावा

क्वांटम १० केला तर आपल्या उदाहरणात कुणाचीच पाळी मध्ये तुटत नाही आणि राउंड रॉबिन हा पहिला नियमच होतो, सरासरी ८.७५ सकट. क्वांटम ४ ला सरासरी ७.५ येते, २ ला ७, आणि १ ला ६.५. यावरून क्वांटम जितका लहान तितकं चांगलं असा निष्कर्ष काढावासा वाटेल. तो दोन कारणांनी चुकीचा आहे.

एक म्हणजे सरासरी नेहमी अशी शिस्तीत उतरत नाही. क्वांटम ३ घेतला तरी सरासरी ७ च येते, २ एवढीच. आणि घ मात्र ४ ऐवजी ८ मिलिसेकंद थांबते. सारख्या आकाराची कामं असतील तर राउंड रॉबिन उलट नुकसान करतो. दहा दहा मिलिसेकंदांच्या दोन प्रोसेस एकदमच आल्या असं समजा. एकीमागून एक चालवल्या तर वेटिंग टाइम ० आणि १०, सरासरी ५. एक एक मिलिसेकंदाने आलटून पालटून चालवल्या तर पहिली १९ व्या क्षणी संपते आणि दुसरी २० व्या; वेटिंग ९ आणि १०, सरासरी ९.५. दुसरीचा काही फायदा झाला नाही आणि पहिलीला उगाच लांबवलं.

दुसरं कारण असं की आपण आतापर्यंत एका प्रोसेसवरून दुसरीवर जाणं फुकट धरलं होतं. तसं ते नसतं. चालू प्रोसेसची रजिस्टरं जपून ठेवायची, नवीची भरायची, मेमरीचे नकाशे बदलायचे. याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. हे काम स्वतः मायक्रोसेकंदांच्या घरात उरकतं. पण नव्या प्रोसेसला आपली माहिती कॅशमध्ये सापडत नाही, आणि ती पुन्हा भरेपर्यंत ती संथ चालते. हा छुपा खर्च पुष्कळदा मूळ खर्चाहून मोठा असतो. आपल्या उदाहरणात पहिल्या नियमाला ३ वेळा प्रोसेस बदलावी लागली, क्वांटम २ ला ९ वेळा, क्वांटम १ ला १७ वेळा. प्रत्येक बदलाला ०.१ मिलिसेकंद लागतो असं धरलं तर क्वांटम १ मध्ये १.७ मिलिसेकंद नुसते अदलाबदलीत गेले, आणि शेवटचं काम संपणं तेवढं पुढे ढकललं गेलं.

म्हणून क्वांटम निवडताना दोन गोष्टींच्या मधली जागा शोधायची असते. तो बदलाच्या खर्चाच्या मानाने बराच मोठा हवा, आणि घ-सारख्या बहुतेक छोट्या बर्स्टना एकाच पाळीत संपता येईल एवढा हवा. त्याहून मोठा करून काही मिळत नाही. फक्त बाकीच्यांची पाळी लांबते. क्वांटम फार लहान झालाय हे ओळखायचं असेल तर लिनक्सवर `vmstat 1` चालवून `cs` हा रकाना पाहावा. त्यात दर सेकंदाला किती कॉन्टेक्स्ट स्विच झाले ते दिसतं. हा आकडा चढलेला, सीपीयू भरलेला आणि काम मात्र पुढे सरकत नाही, असं असेल तर वेळ अदलाबदलीत जात असण्याची शक्यता मोठी.

## खऱ्या यंत्रात

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही वेळ वाटून देणारी प्रणाली उभी केली, तेव्हाच वरच्या तिन्ही नियमांना जोडणारी युक्ती त्यांना सापडली होती. रांग एक न ठेवता अनेक ठेवायच्या, वरच्या रांगेचा क्वांटम लहान, खालच्यांचा दुप्पट दुप्पट मोठा. प्रोसेसने आपला क्वांटम पुरता संपवला की तिला एक रांग खाली उतरवायचं. घ-सारखी प्रोसेस वरच्या रांगेतच उरकून जाते. क-सारखी दोन तीनदा क्वांटम संपवते आणि आपोआप खाली पोचते, जिथे तिला पाळी उशिरा मिळते पण मिळाली की मोठी मिळते. बर्स्ट आधी माहीत असण्याची गरज पडली नाही, आणि तरी छोटी कामं पुढे गेली. या युक्तीला मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू म्हणतात.

लिनक्स साध्या प्रोसेससाठी आज वेगळा मार्ग घेतो: कुणाला वाजवी वाट्यापेक्षा किती कमी सीपीयू मिळाला याचा हिशोब ठेवायचा आणि त्यावरून निवडायचं. २००७ पासून हे काम सीएफएस हा शेड्युलर करत होता, २०२३ च्या ६.६ आवृत्तीपासून ईईव्हीडीएफ करतो. पण पहिला आणि तिसरा नियम त्यात जवळजवळ पुस्तकातल्या रूपात आजही आहेत, रिअल-टाइम कामांसाठी: `SCHED_FIFO` आणि `SCHED_RR`. दोन्हींत १ ते ९९ प्राधान्यं असतात, आणि एकाच प्राधान्याच्या प्रोसेसमध्ये हे नियम लागू होतात. `SCHED_RR` चा क्वांटम किती आहे हे स्वतः पाहता येतं:

```
cat /proc/sys/kernel/sched_rr_timeslice_ms
```

सहसा उत्तर १०० येतं, म्हणजे १०० मिलिसेकंद. `SCHED_FIFO` ला क्वांटमच नाही. त्या गटातली प्रोसेस स्वतः थांबेपर्यंत किंवा तिच्याहून वरच्या प्राधान्याची कुणी येईपर्यंत सीपीयू सोडत नाही. तिच्यात न संपणारं लूप राहून गेलं तर कॉन्व्हॉय इफेक्टचं टोकाचं रूप दिसतं: त्या कोअरवर साध्या प्रोसेसना पाळीच येत नाही. म्हणून २०२४ च्या ६.१२ आवृत्तीच्या आधी कर्नलने आणखी एक मर्यादा ठेवली होती, `sched_rt_runtime_us`. तिची मूळ किंमत ९५०००० होती. दर सेकंदातले ०.९५ सेकंद रिअल-टाइम कामांना, आणि उरलेले ०.०५ सेकंद बाकी सगळ्यांसाठी राखीव, म्हणजे निदान दुसऱ्या टर्मिनलवरून ती प्रोसेस बंद करण्याएवढा सीपीयू तरी हाती राहायचा.